‘अडथळा कमी’ झाला तर इन्व्हर्टर का रुसतो?

कौलारू: गावी संगमेश्वरजवळ आईबाबांच्या घरावर 5 किलोवॅटचं सोलार बसवलंय, सोबत लिथियम बॅटरी. ज्याने बसवलं त्याने अ‍ॅपचं खातं उघडताना काय केलं कोण जाणे, सगळं चिनीत येतं. मी भाषा बदलली तर मेनू इंग्रजी झाला, पण अलार्म आणि बॅटरीचं पान चिनीच राहिलं. बाबा मोबाइलचा कॅमेरा धरून मराठीत वाचतात आणि मला फोन करतात. पावसाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी एकच ओळ येते: `绝缘阻抗低`. कॅमेरा सांगतो, ‘अलगाव अडथळा कमी’. बाबा म्हणतात, अडथळा कमी झाला तर बरंच की! पण इन्व्हर्टर साडेनऊपर्यंत सुरूच होत नाही. दुसरं म्हणजे बॅटरी 100 टक्के दाखवते आणि रात्री दोनला घर अंधारात. या शब्दांना मराठीत नेमकं काय म्हणायचं?

चहाटळ: अडथळा म्हणजे रेझिस्टन्स. शाळेत आपण त्याला ‘रोध’ म्हणत होतो. तारेचा रोध कमी असेल तर वीज कमी वाया जाते, म्हणजे काका बरोबरच बोलतायत. अ‍ॅपच गंडलं असेल, काढून परत टाका.

ग्वांगझौ-रिटर्न: चहाटळ, रोध हा शब्द बरोबर, पण कुठला रोध ते बघा. `绝缘` म्हणजे तारेवरचं ते प्लास्टिकचं आवरण जे काम करतं ते, वीज बाहेर न जाऊ देणं. तांब्यातून जाताना रोध कमी हवा, आवरणातून बाहेर पडताना भरपूर हवा. इथे दुसरा कमी झालाय. कॅमेऱ्याने शब्द बरोबर दिला आणि अर्थ उलटा पोचवला. मी तिथे सहा वर्षं माल खरेदीच्या कामावर होतो, ही ओळ गोदामाच्या छतावरच्या इन्व्हर्टरवर पावसात नेहमी बघायचो.

मराठीत मी सरळ म्हणेन: ‘वीज जमिनीत झिरपतेय’.

सोलार मिस्त्री: झिरपतेय, हा शब्द चपखल. आम्ही ‘अर्थ लिकेज’ म्हणतो, पण गिऱ्हाइकाला ते कळत नाही. इन्व्हर्टर रोज सकाळी पॅनलची लाइन जोडण्याआधी एकदा तपासतो की पॅनलच्या तारा आणि अर्थिंग यांच्यात पुरेसा रोध आहे का. नसेल तर जोडतच नाही. रुसत नाही, शहाणपणा करतो.

कौलारू, साडेनऊला आपोआप सुरू होतो, यातच उत्तर आहे. रात्रभर पाऊस, कुठेतरी पाणी शिरतं, ऊन आलं की वाळतं. बहुतेक पॅनलखालचा एखादा कनेक्टर लोंबकळत पन्हळीत पडलेला असणार. नाहीतर तार पत्र्याच्या कडेला घासलीय किंवा उंदराने कुरतडलीय. ऊन असतानाही अलार्म टिकला तर दुसऱ्या दोन गोष्टींचा संशय जास्त.

आणि बाबांना सांगा, कनेक्टर स्वतः ओढून बघायचा नाही. दहा पॅनल एका ओळीत असतील तर उन्हात चारशेच्या आसपास व्होल्ट असतात, तेही डीसी. चालू लाइनवर सोडवला तर ठिणगी पडते ती विझत नाही, ताणून धरते. ज्याने बसवलंय त्याला बोलवा, तो डीसीचा खटका पाडून एकेक ओळ वेगळी तपासेल.

शिरवळची सुनंदा: माझाही इन्व्हर्टर पावसात कुरकुरतो. बॅटरीत पाणी कधी घालायचं हे अ‍ॅपवर दिसतं का?

सोलार मिस्त्री: ताई, तुमची लेड-अ‍ॅसिडची, पाणी वेगळं. ह्यांच्या बॅटरीत पाणी नसतंच. तुमचा नवा धागा काढा, सांगतो.

कौलारू: बाबांना ‘झिरपतेय’ सांगितलं, लगेच कळलं. आता बॅटरी. पानावर दोन आकडे आहेत: `健康度 100%` आणि `剩余电量 21%`. बाबा पहिला वाचत होते.

ग्वांगझौ-रिटर्न: मिळालं! `健康度` म्हणजे बॅटरीची तब्येत. नवी बॅटरी आहे, शंभर असणारच, आणि वर्षानुवर्षं हळूहळू उतरेल. रोज बघायचा आकडा दुसरा, `剩余电量`, म्हणजे उरलेली वीज. तब्येत ठणठणीत आणि पोट रिकामं, असं आहे ते. गंमत म्हणजे चिनीत बॅटरीला `电池` म्हणतात, शब्दशः ‘विजेचं तळं’. तळं किती खोल आहे तो एक आकडा, आज पाणी किती तो दुसरा.

चहाटळ: मग शुद्ध मराठीत ‘प्रभारस्थिती’ आणि ‘आरोग्यस्थिती’ म्हणा.

ग्वांगझौ-रिटर्न: प्रभारस्थिती ऐकून बाबा फोन ठेवतील. ‘शिल्लक’ म्हणा. बँकेसारखं.

सोलार मिस्त्री: शिल्लक चालेल, पण बँकेइतका विश्वास ठेवू नका. लिथियम फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यावरून शिल्लक कळत नाही. म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजून आकडा काढतात, आणि त्यात चूक साठत जाते. पावसात आठवडाभर बॅटरी पूर्ण भरली नाही तर आकडा भरकटतो, मग 30 वरून एकदम 12 वर उडी. एकदा पूर्ण भरली की बरोबर होतो. आणि 20 ला बंद होण्याची मर्यादा लावलेली असेल तर 21 म्हणजे संपलीच समजा. रात्री दोनचा अंधार त्यातला.

कौलारू: आणखी एक. पहिल्या चित्रात बॅटरीच्या पुढे उणे चिन्ह येतं. उणे म्हणजे रिकामी होतेय ना? काल दुपारी तीनचं: `光伏` 3.10, `负载` 0.82, `电池` −1.95, `电网` 0.25. सगळे किलोवॅट.

चहाटळ: उणे म्हणजे कमी होतेय. यात काय विचारायचं?

ग्वांगझौ-रिटर्न: चिन्हाचा नियम कंपनीगणिक वेगळा असतो, म्हणून हिशेब करा. पहिला आकडा पॅनलचा, दुसरा घरात जळणारी वीज, शेवटचा बाहेरच्या लाइनचा. बॅटरी रिकामी होत असती तर 3.10 आणि 1.95, म्हणजे 5.05 आत आले असते. घराने 0.82 घेतले, उरलेले चार किलोवॅट गेले कुठे? लाइनवर तर पावच आहे. आता उलट बघा: 0.82, 1.95 आणि 0.25 मिळून 3.02. पॅनलच्या 3.10 पैकी 0.08 इन्व्हर्टरच्या गरमीत गेले. जमलं. म्हणजे तुमच्याकडे उणे म्हणजे भरतेय, आणि तो 0.25 बाहेर चाललाय.

कौलारू: पण 0.25 आत येत असेल तर?

ग्वांगझौ-रिटर्न: तर 3.35 आत आणि 2.77 खर्च. अर्ध्या किलोवॅटहून जास्त हरवतो, तेवढं इन्व्हर्टर खात नाही. तरी शंका असेल तर रात्री गिझर लावून चिन्ह बदलतं का बघा. शब्द हवा असेल तर `充电` भरणं, `放电` सोडणं.

शिरवळची सुनंदा: आणि बाहेरची लाइन? माझ्या अ‍ॅपमध्ये ‘ग्रिड’ आहे, मी त्याला ‘बोर्डाची लाइट’ म्हणते.

ग्वांगझौ-रिटर्न: ताई, वा! अलार्ममध्ये `市电` असा शब्द येतो, त्याला कॅमेरा ‘शहर वीज’ म्हणतो. ‘बोर्डाची लाइट’ हाच त्याचा खरा मराठी अवतार.

म्हापशेकर: बोर्ड 2005 मध्येच फुटलं, आता महावितरण. आमच्या गोव्यात तर बोर्ड नव्हतंच, वीज खातं.

शिरवळची सुनंदा: फुटलं असेल. बिल आलं की आम्ही अजून बोर्डालाच शिव्या देतो.

कौलारू: ज्याने बसवलं होतं तो येऊन गेला. एक कनेक्टर खरंच पन्हळीतल्या पाण्यात होता, वर बांधला. दोन सकाळी अलार्म नाही. आज मात्र दहा मिनिटं येऊन गेला, रात्री पाऊसही जोरात होता. बाबांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं: ‘झिरपलं थोडं.’

सोलार मिस्त्री: मग अजून एक जागा आहे. दुसरी ओळ तपासली होती का त्याने?