'साहिल', 'सवाहिल' आणि 'स्वाहिली'

मुद्रितशोधक : सध्या मी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जुन्या व्यापारी नगरांविषयीचे एक भाषांतरित हस्तलिखित तपासत आहे. त्यात किल्वा, मोंबासा, लामू या 'स्वाहिली' नगरांना सरसकट 'अरबांनी वसवलेली दगडी शहरे' म्हटले आहे. माझ्या भाच्याचे नाव साहिल आहे आणि 'साहिल' म्हणजे किनारा, एवढे मला ठाऊक आहे. 'स्वाहिली' हा शब्द त्यावरूनच आला असेल, तर तो मुळात अरबांनी स्वतःच्या वसाहतींना दिला असे मानून 'अरबी वसाहती' हा शब्दप्रयोग तसाच ठेवावा का?

तांडेल : शब्द तोच आहे. अरबी 'साहिल'चे अनेकवचन 'सवाहिल', आणि त्यावरून स्वाहिली, म्हणजे किनाऱ्यांवरचा. इब्न बतूता 1331 मध्ये तिकडे गेला तेव्हाही त्याने त्या प्रदेशाला सवाहिलचा देश म्हटले होते. अरबांनी नाव दिले, अरबांनीच व्यापार आणला आणि दगडी घरेही त्यांनीच बांधली. झांझिबारचे जुने दगडी शहर पाहिले की हे लगेच पटते. म्हणून 'अरबी वसाहती' चालेल असे मला वाटते.

किनाराप्रेमी : शब्दाची व्युत्पत्ती आपण बरोबर सांगितलीत, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बाहेरून येणारे खलाशी एखाद्या प्रदेशाला नाव देतात म्हणजे तिथली गावे ते वसवतात असे होत नाही. झांझिबारच्या दगडी शहराचा आज दिसणारा बराचसा भाग ओमानी सुलतानांच्या काळातला, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याच्या आधारे पाच-सहा शतके आधीच्या किल्व्याबद्दल बोलता येणार नाही. लामूच्या द्वीपसमूहात शांगा या ठिकाणी झालेल्या उत्खननात एकाच जागी एकावर एक मशिदींचे थर सापडले असून त्यांतले सर्वांत जुने लाकडी आहेत आणि दगडी मशीद त्यांच्या नंतरची आहे. गाव आधीपासून होते, त्यात इस्लाम हळूहळू रुजला आणि दगड त्याहूनही उशिरा आला, असा तो क्रम आहे. इब्न बतूतानेच किल्व्याचे वर्णन करताना तिथले बहुतेक लोक काळ्या वर्णाचे आणि घरे लाकडी असल्याचे लिहिले आहे.

अलिबागकर : आमच्याकडे जंजिऱ्याचे सिद्दी आहेत. ते याच स्वाहिली लोकांपैकी होत ना? मग आपल्याकडेच या चर्चेचे उत्तर मिळेल.

किनाराप्रेमी : जंजिऱ्याच्या सिद्द्यांना आपल्या कागदपत्रांत हबशी म्हटले जाते आणि तो शब्द इथिओपियाकडे बोट दाखवतो. आफ्रिकेशी त्यांचे नाते निश्चित आहे, पण किल्व्याच्या नगरांची गोष्ट वेगळी आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर तिथल्या शब्दांतच शोधता येईल.

किल्व्याजवळच्या टेकाडावर चौदाव्या शतकात सुलतान अल-हसन इब्न सुलेमानने बांधलेला भव्य वाडा आहे. त्याला 'हुसुनी कुब्वा' म्हणतात. 'हुसुनी' हा अरबी 'हिस्न' म्हणजे किल्ला या शब्दाचा वंशज आहे, तर 'कुब्वा' म्हणजे मोठा, आणि हा शब्द तिथल्याच आफ्रिकी बांटू भाषांचा आहे. वाड्याचे नाव असे निम्मे-निम्मे आहे. इमारतही तशीच आहे: कमानी आणि अष्टकोनी स्नानकुंड यांची रचना समुद्रापलीकडची, पण बांधकामाचे सगळे साहित्य तिथलेच. खडबडीत भिंतींसाठी जमिनीवरचा जुना प्रवाळ-दगड वापरीत आणि दारांच्या चौकटी, कोनाडे यांच्यासाठी समुद्रातून ताजा प्रवाळ काढीत. तो ओला असताना इतका मऊ असतो की त्यावर सहज कोरीव काम करता येते आणि वाळला की तो कठीण होतो. चुनाही लाकडांच्या ढिगावर प्रवाळ रचून, भाजून काढलेला. छताला कांदळवनातल्या तिवराचे वासे लागत, आणि त्यांची लांबी मर्यादित असल्यामुळे या घरांतल्या खोल्या साधारण अडीच-तीन मीटरच रुंद व लांबट निघत. खोलीचे माप वाशांनी ठरवले होते, हे मला कोणत्याही शिलालेखाइतकेच बोलके वाटते.

मोंबासातील रहिवासी : मी तिथल्या बंदरात अकरा वर्षे नोकरी केली. पहिल्याच दिवशी मला कळले की बंदराला 'बंदारी', दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि जहाजाच्या प्रमुखाला 'नाहोधा' म्हणतात. आपला नाखवाच तो! नांगरालासुद्धा 'नांगा' म्हणतात. त्यामुळे मला ती भाषा अर्धी आपलीच वाटत असे आणि माझे सहकारी त्यावर हसत असत.

किनाराप्रेमी : आपल्या यादीतले शब्द एका काळचे आणि एका वाटेचे नाहीत. 'नाहोधा', 'नांगा', 'बंदारी' हे फारसीतून आलेले समुद्राचे शब्द आहेत. फारसीतले हेच शब्द मराठीनेही घेतले. 'गारी' मात्र भारतातून गेलेला आहे. पण खरी गंमत त्यांच्या अनेकवचनांत आहे. अरबी 'किताब' तिकडे 'किटाबू' झाला आणि आरंभीचा 'कि' हा आपल्याच भाषेतला वस्तुवाचक उपसर्ग आहे असे समजून लोकांनी त्याचे अनेकवचन 'व्हिटाबू' केले. 'मस्जिद'ची 'म्सिकिती' झाली आणि अनेकवचन 'मिसिकिती'. आकड्यांतही तेच दिसते: एक ते पाच, आठ आणि दहा हे आफ्रिकी आहेत, तर सहा, सात व नऊ अरबी. शब्द बाहेरून घेतले, व्याकरण घरचेच राहिले.

मुद्रितशोधक : हे पटते, पण इतक्या दूरचे लोक एकमेकांत मिसळले कसे? व्यापारी येऊन माल घेऊन परत गेले असते तर काहीच घडले नसते.

किनाराप्रेमी : परतणे त्यांच्या हातात नव्हते. 'कास्काझी' हा ईशान्येचा वारा साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत वाहतो. त्यावर आखात आणि गुजरातकडची गलबते खाली येत. परतीसाठी 'कुसी' या दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे, आणि तो एप्रिलपासून सुरू होतो. एका मोसमात येऊन परत जायचे तर किल्वा हा जवळपास शेवटचा टप्पा होता. म्हणून आणखी दक्षिणेकडच्या सोफाला बंदराचे सोने आणण्याचे काम किल्व्याच्या लोकांकडे राहिले आणि ते श्रीमंत झाले. आफ्रिकेच्या अंतर्भागातल्या ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या नगराच्या अवशेषांत किल्व्याच्या त्याच अल-हसनचे नाणे सापडले आहे. महिनोन्‌महिने अडकून पडलेले व्यापारी तिथे लग्ने करीत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात या नगरांतल्या अनेक दफनांमध्ये मातृवंश बहुतांशी आफ्रिकी आणि पितृवंश बऱ्याच अंशी फारसी आढळला, आणि ही सरमिसळ सुमारे इसवी सन 1000 पासूनची आहे. आईची भाषा मुलांकडे आली, हे त्याच्याशी जुळते.

तांडेल : फारसी पितृवंश म्हणजे इराणमधल्या शिराझहून आलेल्या राजपुत्रांनी किल्वा वसवल्याची दंतकथा खरी ठरली. माझे म्हणणे पूर्ण चुकीचे नव्हते, फक्त 'अरब' ऐवजी 'फारसी' म्हणायला हवे होते.

किनाराप्रेमी : दंतकथेत तथ्याचा अंश आहे, पण येणारे पुरुष कोणत्याही घरात जावई म्हणून आले असते, तरी त्यावरून ते घर त्यांनी बांधले असे ठरत नाही. याच संदर्भात आणखी एक शब्द पाहावा. सुसंस्कृतपणाला तिथे जुना शब्द 'उउंग्वाना' आहे, म्हणजे नगरातल्या खानदानी लोकांची रीत. ओमानी सत्तेच्या काळात त्याची जागा 'उस्ताराबू' घेऊ लागला, ज्याचा मूळ अर्थ अरबांसारखे होणे असा आहे.

मोंबासातील रहिवासी : माझे शेजारी या अर्थाशी सहमत नव्हते. 'उस्ताराबू' म्हणजे शिस्त आणि नीटनेटके वागणे, त्यात अरब कोणाला आठवतो, असे ते म्हणत.

किनाराप्रेमी : बोलणाऱ्यांच्या मनात मूळ अर्थ उरला नसेलही, हे मी मान्य करतो. तो कधी विसरला गेला, हे मात्र मला सांगता येणार नाही.

मुद्रितशोधक : मी 'अरबी वसाहती' काढून 'स्वाहिली नगरे' असे करीत आहे. 'दगडी' शब्दाबद्दल मात्र अजून अडचण आहे. 'प्रवाळ-दगडाची' म्हटले तर वाचकाला पोवळ्याचे दागिने आठवतील, आणि नुसते 'दगडी' म्हटले तर देवगिरीचा काळा कातळ आठवेल.

अलिबागकर : पहिल्या उल्लेखात 'किनाऱ्यावरच्या प्रवाळ-दगडाने आणि चुन्याने बांधलेली' असे सविस्तर लिहावे आणि पुढे 'दगडी' चालवावे. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना भाजत, त्यामुळे निदान किनाऱ्यावरच्या वाचकांना तो अर्थ लगेच कळेल.