मदत हवी आहे: जुन्या टीव्ही गेमचा खाचा कसा साफ करू?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. लहानपणीचा साठ पिनांच्या कॅसेटचा टीव्ही गेम माळ्यावरून काढला. वर्षानुवर्षं कापसाची तूस आणि धूळ खाल्लेला. लाईट लागते, पण पडदा नुसता करडा, कधी चौकोनी ठिपके.

पाच कॅसेट होत्या. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. कानकाडी त्यात ओली करून कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर वरून खाली, लांबीच्या दिशेनं फिरवली. पहिल्या दोन काड्या काळ्याकुट्ट झाल्या, चौथी पांढरी राहिली. दहा मिनिटं वाळवल्यावर दोन कॅसेट लागल्या. पण त्याही जरा हलवल्या की बंद पडतात, म्हणून आता दोष खाच्यात असावा असं वाटतं.

तिथं कानकाडी जात नाही. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलनं किंचित ओलं करून, गेमची विजेची वायर काढून खाच्यात आतबाहेर करायचा विचार आहे. जाडी कॅसेटच्या पाटीपेक्षा जास्त झाली तर पिना कायमच्या फाकतील, ही भीती वाटते. कोणी केलंय का?

शेजारचे काका रॉकेल लाव म्हणतात, पण त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ आणखी चिकटते. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, नेलपेंट रिमूव्हर प्लास्टिक खातं, पॉलिश पेपर मुलामा खरवडतो. फुंकर मारणंही बंद केलं, थुंकीच्या ओलाव्यानं पट्ट्या काळवंडतात.

पिना सैल झाल्या असतील तर सुईनं उचलाव्यात, की खाचाच बदलावा?