मदत हवी आहे: मित्राच्या भावाने जीव दिला, भेटायला जाताना बोलायचं काय

पेठेतला_पव्या
मी कोल्हापूरचाच, शिवाजी पेठेत राहतो. शाळेपासूनचा मित्र आहे, कळंब्याकडं घर, शिरोली एमआयडीसीत कामाला. त्याच्या धाकट्या भावानं अकरा दिवसांपूर्वी जीव दिला, २७ वर्षांचा होता. रक्षाविसर्जनाला मी होतो पण तिथं गर्दीत नुसता हात धरून उभा राहिलो, एक शब्द फुटला नाही, आणि तेव्हापासून लाजेनं फोन पण केला नाही. आता रविवारी घरी जायचं ठरवलंय तर काय बोलू तेच कळंना झालंय.

अडचण अशी की त्या रात्री धाकट्याचा मिस्ड कॉल होता ह्याच्या फोनवर, ९:४० चा. हा सेकंड शिफ्टला, मशीनवर, फोन लॉकरमध्ये. रक्षाविसर्जनाच्या दिवशी पण येईल त्याला तो मिस्ड कॉल दाखवत होता आणि म्हणत होता उचलला असता तर. सगळे आपले "तुझी काय चूक नाही रे" म्हणत होते आणि तो अजूनच पेटत होता.

दुसरं म्हणजे शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकायची जबाबदारी माझ्यावर आलीय. मी लिहिलंय ते असं: "आपल्या मित्राच्या भावाने आत्महत्या केल्याचे दुर्दैवी वृत्त आहे. तरुणांनी असा टोकाचा निर्णय घेण्याआधी आई-वडिलांचा विचार करावा. भावपूर्ण श्रद्धांजली." बरोबर आहे का? ग्रुपवर एकानं आधीच "भ्याडपणा आहे हा" असं टाकून झालंय.

सुलभा_मिरज
बाळा, तो विषयच काढू नकोस. गेलेल्याचं नावसुद्धा घेऊ नको, जखम परत ओली होते. क्रिकेटचं बोल, कामाचं बोल, जमलं तर एक दिवस जोतिबाला घेऊन जा. आणि सांग की देवाची इच्छा होती. जेवणाचा डबा मात्र नक्की ने, अशा घरात चूल पेटते पण कुणी जेवत नाही.

फाउंड्रीवाला
आधी पोलीस केसचं बघा. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे कलम ३०९, गुन्हा आहे तो. घरच्यांचे जबाब घेतात, मित्राला सांगा वकील असल्याशिवाय काही बोलू नको. आणि विम्याचं विसरा, आत्महत्येत एक रुपया मिळत नाही.

पेठेतला_पव्या
दादा मी केसचं विचारलंच नाही. पोलिसांचं झालंय सगळं.

बकुळ
पव्या, मी १४ वर्षं हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर होते, मानसोपचार विभागात, अशा बऱ्याच घरांत बसलेय. आधी ग्रुपच्या मेसेजचं बोलते कारण तो आज जाणार असेल. दुसरं वाक्य काढ. ते तू तरुणांसाठी लिहिलंयस पण वाचणार तुझा मित्र आणि त्याची आई, आणि त्यांना त्यात एवढंच दिसणार की आमच्या पोरानं आमचा विचार केला नाही. शेवटच्या टोकाला पोचलेल्या माणसाला बहुतेक वेळा वाटत असतं की आपण घरच्यांना ओझं झालोय, म्हणजे तो त्यांचाच विचार करत असतो, फक्त आजारानं वाकडा झालेला विचार. "टोकाचा निर्णय" पण नको, कर्ज काढायचं का नाही असं शांतपणे बसून ठरवल्यासारखं वाटतं ते.

साधं लिही: "आपल्या मित्राचा धाकटा भाऊ गेला. घरी जाणाऱ्यांनी कसं झालं, का झालं हे विचारू नये. ग्रुपवर पण त्यावर चर्चा नको. ह्या आठवड्यात डबा कोण कधी देणार ते मला कळवा." आणि भ्याडपणावाल्याला ग्रुपवर झापू नकोस, फोन करून सांग की मित्र हा ग्रुप वाचतो, मेसेज डिलीट कर.

फाउंड्रीवाले दादा, ३०९ आता राहिलं नाही. आधी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली त्यात ते कलमच घेतलं नाही. पण आत्महत्येला प्रवृत्त करणं हा गुन्हा अजून आहे. म्हणून अकस्मात मृत्यूच्या चौकशीत पोलीस विचारतात, कुणाचा त्रास होता का, घरात भांडण झालं होतं का. त्यांचं ते कामच, पण घरच्यांच्या कानात तो प्रश्न आरोप म्हणूनच राहतो. त्यानंतर आपण जाऊन तेच विचारलं तर ती दुसरी चौकशी होते, एवढं पव्यानं लक्षात ठेवावं.

विम्याचं पण तसं नाही. पॉलिसी घेऊन वर्ष झालं असेल तर साधारणपणे पूर्ण क्लेम मिळतो, वर्षाच्या आत असेल तर भरलेल्या हप्त्यांतला मोठा भाग परत येतो. लाजेपोटी लोक कागदच काढत नाहीत. मित्राला जमत नसेल तर तू पॉलिसी शोधून दे.

गडहिंग्लजकर
माझी ताई २०१९ ला गेली, अशीच. सुलभाकाकींचं डब्याचं एकदम बरोबर, आम्हाला आठ दिवस शेजारच्यांनीच जगवलं. पण नाव घेऊ नको हे माझ्या बाबतीत उलटं होतं. सगळ्यांनी ताईचं नाव घ्यायचं सोडलं आणि मला वाटायला लागलं की ती मेलीच नाही तर तिनं काहीतरी घाण केलंय जे झाकायचंय. आत्या येणाऱ्यांना हार्ट अटॅक सांगायची, एकतिसाव्या वर्षी. त्यामुळं मला कुणाजवळ खरं रडता पण येईना कारण आधी खोटं सांभाळायचं. सहा महिन्यांनी एक मैत्रीण सहज म्हणाली, "तुझ्या ताईची ती पुरणपोळी काय असायची," तेव्हा मी धाय मोकलून रडलो आणि बरं वाटलं.

सगळ्यात लागलेलं वाक्य सांगू? "तुम्हाला घरात राहून काहीच जाणवलं नाही?" लोकांना वाटतं काळजीनं विचारतोय.

सुलभा_मिरज
अरे देवा. मी माझ्या जावेला नेमकं हेच विचारलं होतं.

कोष्टी_गल्ली
शब्दाचं एक विचारू का. आत्महत्या ह्यात हत्या आहे, म्हणजे गेलेला माणूस एकदम खुनीच झाला. आमचे एक सर म्हणायचे "आत्महत्या केली" म्हणू नका, "आत्महत्येने मृत्यू झाला" म्हणा. पण मातीला येऊन असं पेपरातलं कोण बोलतं?

बकुळ
सर बरोबर होते पण बोलण्यात ते जड जातंच. गुन्हा केला, खून केला, आत्महत्या केली, एकाच साच्यातले शब्द झाले ते. मी "आत्महत्येनं गेला" म्हणते, आधी विचित्र वाटलं, आता तोंडात बसलंय. तसंच प्रयत्नातून कुणी वाचलं तर "फसला" किंवा "अयशस्वी" म्हणू नये, वाचला म्हणावं. पण भेटायला जाताना माझा नियम वेगळा आहे, घरचे जो शब्द वापरतात तोच मी वापरते. मित्र "जीव दिला" म्हणत असेल तर तिथं बसून त्याचा शब्द सुधारायचा नाही.

गडहिंग्लजकर
मला "जीव दिला" नाही आवडत. कुणासाठी दिला? काहीतरी त्याग केल्यासारखं वाटतं. आई मात्र तेच म्हणते.

कोष्टी_गल्ली
मग मराठीत धड शब्दच नाही म्हणायचा.

बकुळ
नसेल. मला तरी सगळ्यांना चालेल असा सापडला नाही.

आता मिस्ड कॉल. "तुझी चूक नाही" हे खोटं नाही, पण पहिल्या मिनिटाला म्हटलं की त्याला ऐकू येतं की विषय बंद कर. म्हणून तो पेटतो. त्याला फोन दाखवू दे. बघ. विचार, त्या दिवशी शिफ्ट कशी होती, भाऊ एरवी कधी फोन करायचा. बहुतेक तो सांगेल की रोजच करायचा, दूध आणू का, गाडीची चावी कुठंय. मग हळूच म्हण, "म्हणजे त्या रात्री ९:४० ला तो नेहमीसारखाच एक कॉल होता. आज आपल्याला जे माहीत आहे ते तेव्हा तुला माहीत नव्हतं." बस, इतकंच. आजची माहिती मागं नेऊन आपण त्या रात्रीच्या स्वतःला दोषी धरतो, अशा घरांत जवळजवळ प्रत्येक जण हे करतो.

आणि तो म्हणाला "उचलला असता तर वाचला असता" तर "नाही, काही फरक पडला नसता" असं ठोकून देऊ नको. तुला माहीत नाही, त्यालाही कळतं की तुला माहीत नाही. "आपल्याला कधीच कळणार नाही रे" हे खरं आहे आणि ते सोबत बसून म्हणता येतं. तो हाच प्रश्न वीस वेळा विचारेल, ते बिघडल्याचं लक्षण नाही. कारण पण शोधून देऊ नको, "नोकरीचं टेन्शन असेल", "मुलीचं काहीतरी असेल". एकाच कारणानं असं होत नाही, आणि तू एक कारण दिलंस की कुणाच्या तरी गळ्यात ते पडतं.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर. "मी पण त्याच्याकडंच जावं" असं बोलायला लागला, दारू वाढली, झोप पूर्ण गेली, कामावरच जाईना, तर सरळ विचार, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नको, त्याच दिवशी डॉक्टरकडं ने. १४४१६ वर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात, काय करावं हे तू स्वतः पण विचारू शकतोस.

पेठेतला_पव्या
खूप आभार. एक राहिलं, मित्राची मुलगी सात वर्षांची आहे, तिला सांगितलंय की काका पुण्याला गेलाय. ती रोज विचारते कधी येणार.

बकुळ
हे तू सांगू नको, आईबापांनी सांगायचं. पण मित्राला म्हण की शाळेत किंवा गल्लीत कुणीतरी पोर सांगणारच, त्याआधी घरातून कळू दे. काका वारला, परत येणार नाही, त्याच्या मनाला मोठा आजार होता आणि त्यात त्यानं स्वतःचा जीव घेतला, तुझ्यामुळं काही झालं नाही, तू कधीही विचार. कसं झालं ते तपशील नकोत. "झोपला" असं पण नको, पोरं झोपायला घाबरतात.

सुलभा_मिरज
सात वर्षांच्या लेकराला एवढं? मला नाही पटत. वारला एवढं पुरे, बाकी मोठी झाल्यावर.

पेठेतला_पव्या
जाऊन आलो काल. दारातच म्हटलं, "काय बोलावं कळत नव्हतं म्हणून फोन केला नाही, माझं चुकलं." तो म्हणाला बस. दीड तास बसलो. फोन दाखवला, मी विचारलं एरवी कधी करायचा रे, तर म्हणाला रोज, चहाच्या सुट्टीत मीच लावायचो परत. त्या दिवशी सुट्टीच झाली नव्हती, मशीन बंद पडलेलं. हे त्यानं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ते ९:४० चं वाक्य बोललो, तो काही म्हणाला नाही, पण फोन खिशात ठेवला. एकदा चुकलो, काकूंना तोंडातून "आता तो सुटला" निघून गेलं, त्या उठून आत गेल्या. मुलीचं वहिनींच्या कानावर घातलंय, बघतो म्हणाल्या.

एकच, धाकट्याच्या सिमचा रिचार्ज संपत आलाय. बंद करू का चालू ठेवू विचारत होता. मी म्हटलं ह्या महिन्याचा मी मारतो, पुढचं पुढं बघू. चुकलं का काय?

गडहिंग्लजकर
ताईचा नंबर अजून चालू आहे आमच्याकडं. दर महिन्याला बाबा मारतात.