मदत हवी आहे: लॉजच्या अभिप्राय फॉर्मवर कन्नड पाहुण्यांचे ३ आणि मराठी पाहुण्यांचे ४, दोष भाषांतराचा असेल का?

रिसेप्शन_सोलापूर
नमस्कार मंडळी. सोलापुरात स्टेशनजवळच्या एका लॉजचं रिसेप्शन मी बघते. आमच्याकडे अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारे भाविक जास्त. त्यांत मराठी तर असतातच, शिवाय विजयपूर-कलबुर्गीकडचे कन्नड आणि हैदराबादकडचे तेलुगू पाहुणेही बरेच असतात. चेकआउटच्या वेळी आम्ही एक पानाचा फॉर्म देतो. मूळ इंग्रजी, त्यावरून मराठी, कन्नड आणि तेलुगू. भाषांतरं मी यायच्या आधीपासूनची आहेत.

पाच घरं आहेत. मराठीत 'उत्कृष्ट, चांगले, साधारण, वाईट, अतिशय वाईट', अनुक्रमे ५ ते १. इंग्रजीत मधल्या घरात 'ॲव्हरेज' आहे. कन्नडमध्ये तिथे 'परवागिल्ला' आणि तेलुगूत 'परवालेदु' लिहिलंय.

मालकांनी सगळे फॉर्म एकत्र करून बघितले, तर 'बाथरूमची स्वच्छता' या ओळीत मराठी फॉर्मवर बहुतेक ४ आणि कन्नड फॉर्मवर बहुतेक ३. खोल्या त्याच, साफसफाई करणाऱ्या मावशी त्याच. आता त्या मावशींना जाब विचारायचं चाललंय, की कन्नड पाहुण्यांच्या खोल्या नीट करत नाही का? मला हे पटत नाही. कारण एका कन्नड फॉर्मवर ३ ला टिक आहे आणि खाली लिहिलंय, 'क्लीन इत्तु, बिसिनीरु चेन्नागि बरुत्तित्तु'. म्हणजे स्वच्छ होतं, गरम पाणी छान येत होतं. हा माणूस नाराज कुठे आहे?

दुसरी गोष्ट शेवटच्या मोकळ्या जागेची. मराठीत तिथे 'सेवेत काही त्रुटी आढळल्यास कृपया नोंदवा' असं आहे, तर कन्नडमध्ये 'निम्म अमूल्य सलहेगळन्नु तिळिसि', म्हणजे तुमचे अमूल्य सल्ले कळवा. मराठीत नुसत्या तक्रारी येतात आणि कन्नडमध्ये 'अक्कलकोटच्या गाड्यांचं वेळापत्रक रिसेप्शनला लावा' अशा सूचना.

फॉर्म कसा बदलू? आणि कन्नडच्या जुन्या आकड्यांत काही मिळवून ते मराठीच्या बरोबरीला आणता येतील का?

विन्या_होटगीरोड
ताई, सोपं आहे. शब्दच काढून टाका. नुसते १ ते ५ आकडे ठेवा, नाहीतर हसरे-रडके चेहरे. आकड्याला भाषा नसते, भांडण मिटलं.

अक्कलकोटची_खानावळ
आमचंही हेच दुखणं आहे. नेटवर कोणीतरी एक स्टार देऊन जातं आणि कारण लिहीत नाही. ते काढून टाकायला कुठे अर्ज करायचा? मागच्या महिन्यात जागा भरलेली होती म्हणून एकाला थांबायला सांगितलं, त्याने त्याच दिवशी खुन्नस काढली.

पाहणीताई
खानावळवाले दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे उत्तरं मिळतील.

रिसेप्शन, तुमचा संशय रास्त आहे. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या राज्यांत प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलंय. मराठी माणूस 'जेवण साधारण होतं' म्हणतो तेव्हा त्याला ते आवडलेलं नसतं. कन्नड माणूस 'परवागिल्ला' म्हणतो तेव्हा 'बरं आहे की, चालतंय' असं सांगत असतो. तेलुगूतल्या 'परवालेदु'चंही तसंच. म्हणजे मराठीतलं मधलं घर वाईटाकडे कललेलं आणि कन्नडमधलं चांगल्याकडे. ज्याला सगळं ठीक वाटलं तो मराठी पाहुणा 'साधारण' टाळून वर 'चांगले'वर जातो, आणि तसाच कन्नड पाहुणा 'परवागिल्ला'वर खुशाल थांबतो. दोघांचं मत एकच, पण आकडा वेगळा पडतो. मावशींचा यात काही संबंध दिसत नाही.

विन्या, चेहरे वाचता न येणाऱ्यांना उपयोगी पडतात हे खरं. पण नुसत्या आकड्यांचा माझा अनुभव चांगला नाही. आपल्याकडे 'पहिला नंबर' म्हणजे सगळ्यात वरचा. त्यामुळे खूश झालेला माणूसही १ ला गोल करून जातो. १ ला गोल आणि खाली भरभरून कौतुक, असे फॉर्म सापडले की समजायचं आकडा उलटा वाचला गेलाय. आकडे ठेवायचे तर दोन्ही टोकांना शब्द हवेतच, आणि शब्द आले की भाषांतर आलंच.

माझा सल्ला असा, की वस्तूला गुण द्यायला लावू नका, पाहुण्याला त्याच्या समाधानाबद्दल विचारा. 'अतिशय समाधानी, समाधानी, समाधानीही नाही आणि असमाधानीही नाही, असमाधानी, अतिशय असमाधानी'. मधलं घर लांबलचक आहे, पण ते कुणीकडे झुकत नाही. मराठीत याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्या तक्त्यात वर 'चांगले' आणि खाली खोली, नाश्ता, पाणी. 'खोली चांगले' असं वाचावं लागतं. 'समाधानी' मात्र सगळ्यांना चालतो, कारण तो माणसाबद्दल आहे.

आणि बाजूला सहावं घर हवं, 'वापरले नाही'. पहाटेच दर्शनाला गेलेला भाविक नाश्ता करतच नाही. त्याला हे घर मिळालं नाही की तो मधल्या घरात टिक करतो आणि तुमच्या नाश्त्याचा आकडा फुकट खाली येतो.

पूर्वभागातला_पद्मशाली
ताईंचं बरोबर आहे, पण एक सांगतो बघा. 'समाधान' शब्द जसाच्या तसा तेलुगूत नेऊ नका. आमच्यात 'समाधानं' म्हणजे उत्तर. पाहुणा म्हणंल, कसलं उत्तर द्यायचंय? तिथं 'संतृप्ति' लिवा. मधल्या घराला 'संतृप्ती लेदु, असंतृप्ती लेदु'. हिंदी फॉर्म काढला तर तिथंपण घोळ हाय, हिंदीत समाधान म्हणजे तोडगा.

आपल्या सोलापुरात हेच होतंय. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजार कन्नड. सगळ्या भाषा येतात म्हणून आपण एकीतला शब्द दुसरीत बिनधास्त सरकवतो.

पाहणीताई
अगदी. कन्नडमध्येही 'असमाधान' शब्द आहे, पण तो नाराजीकडे, रुसण्याकडे जातो. पाहुणा तिथे टिक करायला कचरेल. 'तृप्ति' आणि 'अतृप्ति' बरे, मधल्या घराला 'तृप्तियू इल्ल, अतृप्तियू इल्ल'. आणि उलट दिशेनेही जपा, मराठीत 'तृप्त' म्हटलं की पोटभर जेवण डोळ्यांपुढे येतं. शब्द सारखा दिसण्यापेक्षा घराची जागा सारखी राहणं महत्त्वाचं.

भाषांतर एकाकडून करून घेऊन मोकळं होऊ नका. युरोपात २००२ पासून दर दोन वर्षांनी अनेक देशांत एक मोठी सामाजिक पाहणी होते. तिथे दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात आणि मग तिसऱ्या जाणकारासोबत बसून ओळीओळीवर वाद घालतात. लॉजसाठी एवढा व्याप नको, पण कन्नडची दोन माणसं सोलापुरात कुठेही मिळतील.

छापायच्या आधी एक चाचणी करा. कागदावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, एका टोकाला 'सगळ्यात वाईट', दुसऱ्याला 'सगळ्यात चांगलं'. प्रत्येक घराचा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि पाहुण्याला त्याच्या भाषेतल्या चिठ्ठ्या त्या रेघेवर मांडायला सांगा. काही समजावू नका, फक्त चिठ्ठी कुठे पडते ते मोजा.

विन्या_होटगीरोड
मोकळ्या जागेचं राहिलंच की. तिथे 'आपला बहुमूल्य अभिप्राय' लिहा, सगळीकडे चालतं.

पाहणीताई
'बहुमूल्य' नको. तो शब्द वाचून माणूस सौजन्याने दोन गोड ओळी लिहितो. 'त्रुटी आढळल्यास' वाचून माणूस त्रुटी शोधायला लागतो, आणि ज्याला काही सापडत नाही तो जागा कोरी सोडतो. 'सल्ले' म्हटलं की माणूस स्वतःचा अनुभव बाजूला ठेवून तुम्हाला काय करा ते सांगतो. तीन वेगळे प्रश्न विचारले तर उत्तरं वेगळी येणारच.

दोन सारख्या मापाचे चौकोन करा. एकावर 'राहताना काय सोयीचं वाटलं?' आणि दुसऱ्यावर 'काय गैरसोयीचं वाटलं?' चारही भाषांत हेच दोन प्रश्न, याच क्रमाने, तेवढ्याच ओळींचे. कन्नडची अक्षरं मोठी छापली म्हणून चौकोन लहान झाला, असं होऊ देऊ नका. जागा कमी दिसली की लोक कमी लिहितात.

रिसेप्शन_सोलापूर
चिठ्ठ्या करून बघितल्या. चहा पिता पिता पाहुणे हौसेने मांडत होते. मराठी पाहुण्यांनी 'साधारण' बहुतेक वेळा ४ च्या आसपास ठेवला, एका आजोबांनी तर थेट ३ वर. कन्नडवाल्यांचा 'परवागिल्ला' ६ च्या पुढेच पडत होता. कलबुर्गीच्या एका काकूंनी तो 'चेन्नागिदे'च्या इतका जवळ ठेवला, की दोन चिठ्ठ्या एकमेकींवर चढल्या. नवीन मधली घरं मात्र दोन्ही भाषांत मध्यावर, थोडी इकडेतिकडे. मालकांना कागद दाखवले. मावशींचा विषय सध्या थांबलाय.

मग आता जुन्या कन्नड आकड्यांत २ मिळवले तर?

पाहणीताई
नका मिळवू. थोड्या लोकांच्या चिठ्ठ्यांवरून शब्द कुठल्या बाजूला कलतो ते कळतं, किती कलतो ते ठरवता येत नाही. शिवाय रेघेवरचे २ सेंटिमीटर म्हणजे फॉर्मवरची २ घरं नव्हेत. ज्यांनी ३ दिले त्यांतले काही खरोखरच नाखूश असतील, त्यांनाही तुम्ही खूश करून टाकाल. जुने कन्नड फॉर्म जुन्या कन्नड फॉर्मशीच ताडून बघा, मार्चपेक्षा जूनमध्ये खाली गेले का एवढंच. नवीन फॉर्म सुरू कराल त्या तारखेला वहीत रेघ मारा आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं एकत्र करू नका.

आणखी एक. फॉर्म भरताना तुम्ही काउंटरवर समोर उभ्या असता का? तसं असेल तर शब्द कितीही नीट निवडले तरी माणूस तोंडावर वाईट लिहीत नाही. पेटी ठेवा.

पूर्वभागातला_पद्मशाली
मधलं घरच काढलं तर? चार घरं ठेवली की माणसाला एक बाजू घ्यावीच लागंल.

पाहणीताई
यावर आमच्या कामातही एकमत नाही. मी ठेवते, कारण ज्याला खरंच काही वाटलं नाही त्याला जबरदस्तीने एका बाजूला ढकलावं लागत नाही. काढणारेही अनुभवी लोक आहेत.

रिसेप्शन_सोलापूर
पेटी उद्याच ठेवते. उर्दू फॉर्मचीही मागणी आहे. उर्दू उजवीकडून वाचतात, मग 'अतिशय समाधानी' उजवीकडून पहिलं घ्यायचं की बाकीच्या फॉर्मांसारखं डावीकडेच ठेवायचं? आकडे भरणारा मुलगा सगळे फॉर्म एकाच तक्त्यात डावीकडून मोजत भरतो, त्यामुळे उलटापालट व्हायची भीती वाटते. कोणी उर्दूत असा फॉर्म केला असेल तर सांगा.