मदत हवी आहे: हॅमस्ट्रिंग ओढलेल्या पोरांसाठी रिहॅबचा कागद, टप्पे कसे लिहायचे?

खांबपलीकडे_पंचवटी:
खो-खोच्या पोरांना दुखापत झाली की द्यायला आमच्याकडे एक पानी कागद आहे, आधीच्या कोचने केलेला. "टप्पा १, दिवस १ ते ४, आराम आणि बर्फ. टप्पा २, दिवस ५ ते १४, हलका व्यायाम. टप्पा ३, दिवस १५ पासून खेळ." बस, एवढंच. एका पोराने तो कपाटाला चिकटवला, रोज एक दिवस खोडत गेला आणि पंधराव्या दिवशी मैदानात येऊन थेट फुल स्पीडने पळाला, खांबाला वळताना पुन्हा तिथेच धरलं. आता पालक मला विचारतायत की तुमच्याच कागदावर लिहिलंय ना. मला टप्पे नीट लिहून हवेत, पोरांना कळतील असे. उद्या ग्रुपवर टाकायचंय, लवकर सांगा.

गोदाकाठचा_मॉर्निंगवॉकर:
एवढं कशाला लिहायचं, तिळाचं तेल कोमट करून दोन वेळा चांगलं रगडा आणि वरून गरम पाण्याचा शेक. आमच्या तालमीत सगळे असेच बरे झाले.

फिजिओ_नाशिकरोड:
कृपा करून पहिल्या दिवसांत हे करू नका. स्नायू फाटला की आत रक्त साचतं, त्यावर लगेच शेक दिला आणि रगडलं तर रक्तस्राव वाढतो, मांडीत मोठी गाठ झाली तर पुढे तिथे हाडासारखा कडक भागही तयार होऊ शकतो. कागदावर ही ओळ पहिलीच टाका, कारण घरची आजी तेलाची वाटी घेऊन बसलेलीच असते.

@खांबपलीकडे_पंचवटी, पोराचं वय किती? मांडीची मागची बाजू म्हणजे नेमकं कुठे? पळताना "टक" असं काही जाणवलं का? काळं-निळं उतरलं का? हे कळल्याशिवाय टप्पे सांगून उपयोग नाही.

खांबपलीकडे_पंचवटी:
वय १४. मागची बाजू, वरच्या अंगाला. बाकी मला कागद हवाय, एका पोराचं निदान नको.

देवळाली_ऑलराउंडर:
माझ्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं, ऑपरेशन करूनही आठ-नऊ महिने लागले, तुम्ही पंधरा दिवसांत खेळ कसं लिहिता? कोणी चांगला नी ब्रेस सुचवेल का?

खांबपलीकडे_पंचवटी:
दादा, गुडघा नाही, मांडीचा स्नायू.

रनर_गंगापूररोड:
सोपं आहे. दोन आठवडे पूर्ण आराम, बर्फ, पट्टी, पाय वर. दुखणं थांबलं की पळा. शरीर स्वतःच सांगतं.

फिजिओ_नाशिकरोड:
अर्धं बरोबर आहे. पट्टी आणि पाय वर ठेवणं ठीक, बर्फही कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दुखणं कमी करण्यापुरता. पण "दुखणं थांबलं की पळा" यानेच पोरं पुन्हा जखमी होतात. आत काय होतं बघा. पहिले काही दिवस मेलेले तंतू आणि साचलेलं रक्त साफ होतं, तेव्हा ठणका असतो. मग नवे तंतू फुटायला लागतात आणि मधल्या फटीत जोडणारा व्रण तयार होतो. हा व्रण साधारण पहिले दहा दिवस फार कमकुवत असतो, आणि नेमकं त्याच काळात दुखणं उतरलेलं असतं, म्हणून पोराला वाटतं आपण बरे झालो. नंतरचे कित्येक आठवडे त्या व्रणाला आणि तंतूंना ताण सोसायची सवय लागायची असते, ते पोराला जाणवतच नाही.

आणि दोन आठवडे पडून राहणंही योग्य नाही. डेन्मार्कमध्ये २०१७ साली एक अभ्यास झाला, मांडी-पोटरीच्या दुखापतीत रिहॅब दोन दिवसांनी सुरू केलेले खेळाडू नऊ दिवसांनी सुरू केलेल्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळात परतले.

रनर_गंगापूररोड:
ते मोठे खेळाडू असतील, १४ च्या पोरांना तेच लागू कसं?

फिजिओ_नाशिकरोड:
मोठेच होते, हौशी खेळाडू. म्हणून आकडा मी पोरांना लावणार नाही. पण हळूहळू भार द्यायचा ही दिशा तीच राहते.

आता कागदाचं. दिवसांऐवजी "काय जमतंय" ते लिहा. तुमचा टप्पा २ असा करा: "न लंगडता चालता येतं, जिना उतरताना दुखत नाही, तेव्हाच इथे या." मग व्यायाम: पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, मग एका पायावर. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं तर थांबायचं. सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर एक पायरी मागे. पोरांना हे लगेच कळतं, कारण सकाळचा जिना त्यांना रोजच उतरायचा असतो.

टप्पा ३ ला जायची अट: एका पायावर कंबर उचलणं दुखऱ्या पायाने चांगल्या पायाइतकंच जमलं पाहिजे, आणि पाठीवर पडून सरळ पाय चांगल्या पायाइतकाच वर गेला पाहिजे. मग जॉगिंग, मग सरळ पळणं थोडं थोडं वाढवत. वेग आल्यावर वळणं, मग खांब, सूर सगळ्यात शेवटी. खेळायला परत कधी? पूर्ण वेगात, न घाबरता, न दुखता पळता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काही नाही, असं दोन सरावांत झालं की. याला किती दिवस लागतील ते कागदावर लिहूच नका.

क्लबसेक्रेटरी_सिडको:
दिवस न लिहून कसं चालेल? पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, पुढच्या महिन्यात शालेय स्पर्धा आहे, पोराला टीममध्ये धरायचं की नाही? आम्हाला नावं द्यावी लागतात.

फिजिओ_नाशिकरोड:
पालकांना तोंडी अंदाज द्या, "साधारण इतके आठवडे, पण परीक्षा पास झाल्यावरच." पोराच्या हातातल्या कागदावर नको, तिथे तारीख दिसली की तो तेवढीच वाचतो.

क्लबसेक्रेटरी_सिडको:
मला हे पटलं नाही. तारीख नसली की पोरं धीर सोडतात.

फिजिओ_नाशिकरोड:
@खांबपलीकडे_पंचवटी, तुम्ही "वरच्या अंगाला" म्हणालात ते डोक्यातून जात नाहीये. पोराला विचारा, एका बोटाने दाखव. मांडीच्या मधोमध बोट ठेवतो, की बसताना खाली टेकतं त्या हाडावर? या वयात स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथलं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं, जोराचा झटका बसला तर स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच ओढला जातो. वरून दिसतं हॅमस्ट्रिंगसारखंच.

खांबपलीकडे_पंचवटी:
आत्ता फोन केला. बसायच्या हाडावरच बोट ठेवतो. शाळेच्या बाकावर त्या बाजूला बसवत नाही म्हणे, आणि पहिल्यांदा पळताना टक झालं होतं, तेव्हा कोणाला सांगितलं नाही. आई म्हणाली, तेल लावतोय.

फिजिओ_नाशिकरोड:
तेल, ताणण्याचे व्यायाम, पळणं सगळं बंद. चालताना दुखत असेल तर कुबड्या. उद्याच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे होऊ दे. या पोराला कागदातला कुठलाच टप्पा आत्ता लागू नाही.

गोदाकाठचा_मॉर्निंगवॉकर:
हाडाचं असेल तर हाडवैद्याकडे न्या ना, पट्टा बांधून देतात.

फिजिओ_नाशिकरोड:
काका, आधी एक्स-रे.

खांबपलीकडे_पंचवटी:
सकाळी वडिलांबरोबर मीही जातो. कागदावर सगळ्यात वर आता हे लिहितोय, बघा चालेल का:
"बसायच्या हाडावर दुखतंय, किंवा लागताना टक झालं, किंवा चार पावलंही सरळ टाकता येत नाहीत, तर हा कागद बाजूला ठेव आणि आधी सरांना सांग. तेल नाही, शेक नाही."

फिजिओ_नाशिकरोड:
चालेल. "सरांना"च्या पुढे "आणि घरी" टाका. एक्स-रेचं काय निघतं ते इथे कळवा.

देवळाली_ऑलराउंडर:
ब्रेसचं कोणी सांगितलं नाही अजून.