उर्दू अर्थशास्त्राची परिभाषा: मंजुरी द्यायची कुणी?

मिलिंद: अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा उर्दू अनुवाद चालू आहे. माझं मत: शब्दांची सगळी यादी पाच प्राध्यापकांना पाठवा, बहुमताने शब्द मंजूर करा, पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार धरा. समित्या नेमून वर्ष का घालवायचं?

शबाना: हे वाचून गप्प बसवेना. उत्तर न देणाऱ्याचा होकार धरायचा म्हणजे त्याची सही आपणच ठोकायची. नंतर वर्गात शब्द अडला की विचारायचं कुणाला?

‘मार्जिनल’ घ्या, म्हणजे आणखी एका नगाने पडणारी भर. पाकिस्तानी पाठ्यपुस्तकांत ‘मुख़्ततिम’ रुळलाय, दुसरा पर्याय ‘हाशियाई’. मतदान घेतलंत तर कोण कुठल्या पुस्तकावर शिकला एवढंच कळेल. शिवाय शब्द एकेक करून मताला टाकलेत तर उपयुक्ततेला ‘मुख़्ततिम’ आणि खर्चाला ‘हाशियाई’ मिळू शकतो. मुलांना त्या दोन वेगळ्याच कल्पना वाटतील. म्हणून ‘मार्जिनल’चं हे अख्खं कुटुंब एकाच नोंदीत, एकाच बैठकीत ठरलं पाहिजे.

बरं, उपयुक्ततेसाठी ‘इफ़ादा-ए-मुख़्ततिम’ चालतं, कारण इफ़ादा अरबी. खर्चासाठीचा ‘लागत’ देशी शब्द, त्याला इज़ाफ़त, म्हणजे दोन शब्द जोडणारा तो फारसी ‘-ए-’, लावलेली जाणकारांना खटकते, म्हणून तिथे ‘मुख़्ततिम लागत’. अर्थशास्त्राचा प्राध्यापक इथे अडणार नाही, भाषेचा माणूस अडेल. म्हणून आधी अर्थशास्त्रज्ञाने पुस्तकातलं मूळ वाक्य समोर ठेवून संकल्पना तपासायची, मग भाषातज्ज्ञाने रूप, आणि शेवटी शिक्षकाने वर्गात. दहा नगांचा एकूण खर्च 500 आणि अकरा नगांचा 540, तर मुख़्ततिम लागत 40. ‘मुख़्ततिम’चा सरळ अर्थ ‘संपलेला, शेवटचा’ असा घेऊन मुलं 540 सांगायला लागली, तर शब्दासोबत व्याख्या आणखी ठळक हवी, नाहीतर शब्द परत पाठवायचा. नाकारलेले पर्याय कारणासकट नोंदवून ठेवा. नाहीतर पुढच्या आवृत्तीत तेच भांडण पहिल्यापासून.

विनायक: समित्यांचा इतिहास मला नका सांगू. हैदराबादेत 1917 साली दारुल तर्जुमा ही अनुवादसंस्था निघाली, विषयाचे आणि भाषेचे जाणकार एकत्र बसले, आणि जड अरबी शब्दांचे ढीग तयार झाले. समिती बसली की शब्द जड होतोच.

शबाना: अर्धं खरं. त्याच वर्तुळातल्या वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडवण्यावरच्या 1921 च्या ‘वज़-ए-इस्तिलाहात’ या पुस्तकात देशी घटक वापरायची बाजू मांडली होती. खंडासाठी लगान, लवचिकतेसाठी लचक हे देशी शब्दही उर्दू अर्थशास्त्रात आहेतच. जडपणाचं खापर एकत्र बसण्यावर फोडू नका, विद्यार्थ्याला कुणी विचारलं का ते बघा.

रहीम: शब्द सोपा की जड हा प्रश्नच नाही. आमच्या अनुवादात एका ज्येष्ठ तपासनीसाने व्याजासाठीचा ‘सूद’ खोडून सगळीकडे ‘मुनाफ़ा’ लिहिलं. मला ते योग्यच वाटलं. पाकिस्तानात बचत योजनांच्या दरालाही मुनाफ़ाच म्हणतात. सूद हराम मानणाऱ्या वाचकाच्या श्रद्धेला धक्का लावून पुस्तक कशाला विकायचं?

शबाना: रहीमभाई, श्रद्धेचा मान राखूनच विचारते. एकाने 1,00,000 वर्षभरासाठी उसने घेतले, दहा टक्के दराने. धंद्यात ते व्याज चुकवण्याआधी 25,000 सुटले. त्यातले 10,000 सूद, उरलेले 15,000 मुनाफ़ा. आता दोन्हींना मुनाफ़ा म्हणा आणि हे उदाहरण परत लिहून दाखवा. जमिनीला लगान, श्रमाला उजरत, भांडवलाला सूद, उद्योजकाला मुनाफ़ा, चार वाटेकऱ्यांची चार उत्पन्नं. एक शब्द काढलात की वाटपाचं प्रकरणच कोसळतं.

रहीम: तुम्हाला हिशेब दिसतो, मला माणूस दिसतो. एप्रिल 2022 मध्ये पाकिस्तानच्या फेडरल शरियत कोर्टाने 2027 अखेरपर्यंत सूद संपवायला सांगितलं. म्हणजे हा शब्द साधा नाही.

शबाना: तो निकाल वर्गात शिकवायचा झाला, तर काय संपवायचंय हे सांगायला ‘सूद’च लागेल ना?

रहीम: …त्या प्रकरणापुरतं मान्य. पण बँकेतल्या ठेवीच्या उदाहरणात मी मुनाफ़ाच लिहिणार.

विनायक: तिथेच गोंधळ होणार! ठेवीला मुनाफ़ा, कर्जाला सूद, आणि मुलगा विचारणार की बँक एकाच पैशावर दोन वेगळ्या गोष्टी करते का. एक संकल्पना, एक शब्द. धर्माचा आक्षेप तळटीपेत टाका.

रहीम: तळटीपेत टाका? विनायकराव, तुम्हाला वाचकाशी काहीच देणंघेणं नाही का?

मिलिंद: भांडणं पुरे. होकार धरायची अट मी काढतो, तेवढं शबानाताईंचं खरं. पण प्रत्येक शब्द तीन जणांकडे फिरवला तर पुस्तक कधी निघणार?

शबाना: प्रत्येक शब्द फिरवू नका. ज्यांच्यावर पुढची प्रकरणं उभी आहेत, मागणीसाठी तलब, पुरवठ्यासाठी रसद, शिवाय मुख़्ततिम, लचक, सूद, ते पूर्ण वाटेने न्या. बाकीच्यांना एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक भाषेचा माणूस पुरे. तोवर कच्चा शब्द खुणेसह मजकुरात वापरा, म्हणजे मंजुरीनंतर एका दमात बदलता येईल.

मिलिंद: आणि ‘सूद’वर तपासनीस अडून बसला तर? आक्षेप संकल्पनेचा नाही, रूपाचाही नाही. त्याला रोखायचा हक्क द्यायचा की नाही?

शबाना: मी देणार नाही. त्याचं मत नोंदीत येईल, निर्णय अर्थशास्त्रज्ञाचा.

रहीम: मग त्या नोंदीवर माझी सही मागू नका.