व्हेंडरला पत्र: नोटिशीच्या तारखा वेगळ्या मागा

> "पत्रात 'नोटीस बोर्डाचं पान सुटसुटीत हवं' एवढंच लिहिलंय. अजून काय लिहू?"

सेक्रेटरीसाहेब, सोसायटीची वेबसाइट बनवणाऱ्या व्हेंडरला सर्वात आधी तारखांचं लिहा. प्रत्येक नोटिशीला तीन तारखा स्वतंत्र हव्यात: प्रसिद्धीची, सभेची किंवा कामाची, आणि बोर्डावरून उतरवायची. व्हेंडर बहुधा एकच तारीख ठेवतात आणि नोटिशीत साधी दुरुस्ती केली तरी ती बदलते. मग वार्षिक सभेची नोटीस वेळेत लागली होती, हे दाखवता येत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे या सभेला पूर्ण 14 दिवस आधी नोटीस लागते. सभा 28 सप्टेंबरला असेल, तर नोटीस उशिरात उशिरा 13 तारखेला लागायला हवी, कारण दोन्ही टोकांचे दिवस धरत नाहीत. म्हणून पत्रात असं घाला:

"प्रसिद्धीची तारीख आपोआप पडावी व नंतर बदलता येऊ नये. दुरुस्ती झाल्यास तिची तारीख खाली वेगळी दिसावी. मुदत संपलेली नोटीस पुसली न जाता 'जुन्या नोटिसा' विभागात वर्षवार जावी."

मांडणीत सभेची नोटीस वर अडकवून ठेवायची सोय मागा, नाहीतर पाणी आणि लिफ्टच्या रोजच्या सूचना तिला खाली ढकलतात. मजकूर युनिकोडमध्ये पानावरच दिसावा, सही-शिक्क्याची पीडीएफ त्याखाली. नुसता स्कॅन टाकला तर मोबाइलवर वाचवत नाही आणि शोधूनही सापडत नाही.

थकबाकीदारांची यादी मात्र लॉगिनच्या आतच ठेवायला सांगा. हे स्पष्ट लिहिलं नाही तर ती गूगलवर दिसू शकते.

एवढं करूनही कागदी नोटीस बोर्डावर लावणं आणि सभासदांना पाठवणं सोडू नका.